शिबिरातला ‘एका रुग्णामागचा खर्च’: भागाकार कशाचा करायचा?

प्रश्न: आमची संस्था दरवर्षी गावात मधुमेह तपासणीचं एकदिवसीय शिबिर घेते. मागच्या वेळी १,२०,००० रुपये खर्च आला, ६०० लोक आले आणि १२० जणांची साखर जास्त निघाली. म्हणजे एका रुग्णामागे १,००० रुपये. आता घरोघरी जाऊन तपासणी करायचा पर्याय पुढे आलाय. त्याचा अंदाज ३,४०,००० रुपये आहे आणि त्यातून २६ रुग्ण सापडतील असं म्हणतात. देणगीदार म्हणतात, शिबिरच स्वस्त. हे बरोबर आहे का? आणि अशी तुलना करायची कशी?

उत्तर:

त्या १२० आणि २६ या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. २६ हे खात्री झालेले नवे रुग्ण आहेत. १२० म्हणजे त्या दिवशी ज्यांच्या बोटातल्या रक्ताने यंत्रावर १४० किंवा त्याहून मोठा आकडा दाखवला अशी माणसं. खर्चाच्या बाजूलाही गडबड आहे, पण ती नंतर. आधी भाजक नीट करू, कारण अशा हिशोबांत सगळ्यात मोठी चूक तिथेच होते.

पुढचे काही आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत. तुमच्या नोंदवहीतून खरे काढा आणि तिथे घाला, रीत तीच राहील.

तुमच्या १२० मधून सर्वांत आधी वजा होतात ते आधीपासून मधुमेह असलेले लोक. शिबिर जाहीर झालं की हे लोक हमखास येतात. त्यांना आपली साखर फुकटात बघून घ्यायची असते, आणि त्यात वावगं काही नाही. समजा असे ४५ जण आले आणि त्यांतल्या ४० जणांची साखर जास्त निघाली. त्यांचा आजार तुम्ही शोधलेला नाही, तो त्यांना आधीच माहीत होता. औषध सुरू असूनही साखर ताब्यात नसणं ही दखल घेण्यासारखी गोष्ट आहे, पण तिचा रकाना वेगळा ठेवा. नोंदणीच्या टेबलावर ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही, बरेच जण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. ‘साखरेची गोळी कधी चालू होती का, कुणी लिहून दिली होती का?’ असं विचारलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

उरले ८०. हे ८० जणही रुग्ण नाहीत. अवेळी घेतलेली, म्हणजे जेवणाची वेळ न बघता घेतलेली बोटातली साखर १४० च्या वर असणं हा फक्त ‘पुढे तपासा’ असा इशारा आहे. लक्षणं नसलेल्या माणसाला मधुमेह आहे असं म्हणायला शिरेतल्या रक्तावर दोन तपासण्या मर्यादेपलीकडे लागतात: उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, तीन महिन्यांची सरासरी (एचबीएवनसी) ६.५ टक्के किंवा अधिक. या दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या रक्तातून करता येतात, आणि दोन्ही मर्यादेपलीकडे असल्या तर निदान तिथेच होतं. सोबत तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं असतील आणि अवेळी साखर २०० किंवा अधिक असेल तर एकच तपासणी पुरते, पण शिबिरात असे लोक थोडेच असतात.

आता धरून चालू की आधी निदान न झालेल्या ५५५ जणांपैकी २८ जणांना खरोखर मधुमेह होता, म्हणजे साधारण पाच टक्के. यंत्राने त्यांतले २० पकडले, ८ सुटले. आणि ज्यांना आजार नाही अशा ६० जणांनाही यंत्राने जास्त साखर दाखवली. म्हणजे तुमच्या ८० मध्ये खरे २०, बाकी ६० जण विनाकारण धास्तावलेले. चारातला एक, हे प्रमाण अशा तपासणीत अजिबात वाईट नाही. पाच टक्क्यांच्या आसपास आजार असलेल्या गटात चाळणी लावली की असंच होतं.

नोंदणीच्या रांगेत चहा-बिस्किटं वाटली की हे ६० सहज वाढतात. लोक गोड चहा पिऊन अर्ध्या तासाने टेबलाशी येतात, हाताला बिस्किटाचा चुरा लागलेला असतो, आणि बोटावरची साखर थेंबात मिसळते. स्पिरिटचा बोळा घाईघाईने फिरवला आणि तो सुकायच्या आत टोचलं तरी आकडा बिघडतो. हात साबणाने धुऊन, कोरडे करून टोचणं आणि कार्डावर शेवटचं खाणं किती वाजता झालं हे लिहिणं, एवढ्याने खोट्या इशाऱ्यांची संख्या खाली येते. चहा शेवटच्या टेबलाजवळ ठेवा.

यापुढची पायरी बहुतेक अहवालांत गाळलेली असते. त्या ८० जणांना चिठ्ठी देऊन ‘तालुक्याच्या दवाखान्यात उपाशीपोटी तपासून घ्या’ असं सांगितलं, तर किती जातात? एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, आणि माणसाला त्रास तर काही होत नसतो. धरा ३५ टक्के गेले, म्हणजे २८ जण. त्यांत खरे रुग्ण त्याच प्रमाणात असले तर ७.

म्हणजे १२० चे ७ झाले. देणगीदारांना हे सांगायला जड जाईल, पण घरोघरीच्या २६ शी तुलना व्हायची असेल तर ती या ७ शीच व्हायला हवी.

आता खर्च. तुमचे १,२०,००० म्हणजे ज्याच्या पावत्या आहेत तेवढेच. त्यात एक गोष्ट जास्त धरलीय आणि तीन राहून गेल्यात. जास्त धरलेली म्हणजे सर्दी-खोकला, गुडघेदुखी, अंगदुखीसाठी वाटलेली औषधं, समजा ३०,००० ची. मधुमेह शोधण्याशी त्यांचा संबंध नाही, ती बाजूला काढा. राहून गेलेल्यांत पहिला म्हणजे लोकांचा वेळ. शिबिराला फुकट आलेले डॉक्टर, तंत्रज्ञ आणि तीन आठवडे धावपळ करणारे तुमचे कार्यकर्ते यांच्या दिवसांची किंमत धरावी लागते. ते पैसे घेत नाहीत हे खरं, पण तेच दिवस दुसऱ्या कामाला देता आले असते. शिवाय घरोघरीच्या अंदाजपत्रकात मानधन धरलंय आणि शिबिरात डॉक्टर शून्यावर, अशी तुलना शिबिराच्या बाजूने झुकलेलीच असणार. हे समजा ४५,०००. दुसरा, मागून आणलेली गाडी, उपकरणांची वर्षभरातली झीज, शाळेचं सभागृह: ८,०००. तिसरा, पुढच्या तपासण्या आणि लोकांना केलेले फोन: २८ जणांचे दरडोई २५० धरून ७,०००. गोळाबेरीज १,५०,०००.

इथे एक निर्णय आधीच घ्यावा लागतो: खर्च कुणाच्या नजरेतून मोजायचा? संस्थेच्या खिशातून गेलेलाच मोजायचा, की समाजाचा एकूण? समाजाचा मोजायचा तर आलेल्या ६०० जणांची बुडालेली मजुरीही धरावी लागेल, आणि मग दारात जाऊन होणारी तपासणी आणखी बरी दिसू लागेल. मी वर मधला मार्ग घेतलाय, सेवा देणाऱ्यांचा सगळा खर्च, फुकटचा वेळ धरून. कोणताही मार्ग चालेल, फक्त सगळ्या पर्यायांना तोच लावा आणि अहवालात तसं लिहा.

एकूण, १,५०,००० भागिले ७ म्हणजे एका नव्या, खात्री झालेल्या रुग्णामागे सुमारे २१,४०० रुपये. तुमच्या १,००० च्या एकवीसपट.

आता पर्याय फक्त दोनच का ठेवलेत? शिबिर की घरोघरी असा वाद घालण्याआधी, शिबिरच थोडं बदलून काय होतं हे बघायला हवं. मला विचाराल तर या सगळ्या हिशोबात सगळ्यात जास्त कमाई इथे आहे.

मधला पर्याय असा. शिबिर तेच, माणसं तीच, पण ज्या ८० जणांची साखर जास्त निघते त्यांना तालुक्याला न धाडता दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ त्याच शाळेत उपाशीपोटी बोलवायचं. यादी गावातल्या आरोग्यसेविकेकडे संध्याकाळीच द्यायची. ती रात्री आठच्या सुमारास एकेका घरी जाऊन ‘उद्या सकाळी चहासुद्धा घेऊ नका, आधी शाळेत या’ असं सांगते, आणि सकाळी जो आला नाही त्याच्या दारात पुन्हा जाते. असं केलं की ८० पैकी ६० येतील असं धरू, म्हणजे ७५ टक्के. खरे रुग्ण मग १५. वाढीव खर्च: जास्तीच्या ३२ तपासण्यांचे ८,०००, दुसऱ्या सकाळच्या पथकाचे ९,०००, आरोग्यसेविकांच्या फेऱ्यांचे ८,०००. एकूण २५,००० वाढले, खर्च झाला १,७५,०००.

दुसऱ्या सकाळी एक गोष्ट सांभाळा, नाहीतर सगळं वाया जाईल. रक्त साध्या नळीत घेऊन तसंच ठेवलं तर रक्तपेशी त्यातली साखर खात राहतात आणि ती तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. गाव ते प्रयोगशाळा तीन तासांचा रस्ता असेल तर १४० ची साखर १२० च्या आसपास पोहोचते आणि खरा रुग्ण ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातो. राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी वापरा आणि तरीही बर्फाच्या डब्यात ठेवून लवकर पोहोचवा, कारण पहिल्या एक-दोन तासांत फ्लोराइडचा परिणाम फारसा होत नाही. दुखणं कळायची खूणही आहे: एकाच माणसाची एचबीएवनसी ६.८ आणि उपाशीपोटी साखर ११० अशा जोड्या यादीत भरपूर दिसू लागल्या तर आधी नळ्यांचा प्रवास तपासा. उलट बाजूने, रक्तात लोह कमी असलेल्या बायकांत एचबीएवनसी उगाच वर दिसू शकते, आणि सिकलसेल असलेल्यांत ती भरवशाची नसते. म्हणून एकट्या एचबीएवनसीवर निदान करू नका.

तिसरा पर्याय घरोघरीचा. गावात तिशीच्या वरचे १,५०० लोक धरू. त्यांत आधी निदान न झालेले सुमारे १,४००, आणि त्यांत लपलेले रुग्ण ७८. यातले २८ तुमच्या शिबिराला येणाऱ्या गटात होते, बाकी ५० शिबिराला कधी न फिरकणाऱ्यांत. हा फरक महत्त्वाचा आहे. शिबिराला येतात ते वयस्क, बायका आणि शाळेच्या जवळपास राहणारे. पन्नाशीतला, दिवसभर कामावर असलेला, ‘मला काय झालंय’ म्हणणारा पुरुष मंडपात येत नाही, आणि मधुमेह त्याच्याकडे जास्त असण्याची शक्यता असते.

कार्यकर्त्या घरोघरी जाऊन चार गोष्टी बघतात: वय, कंबरेचा घेर, अंगमेहनत किती, आणि आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह आहे का. भारतीय मधुमेह जोखीम गुणांक याच चार गोष्टींवर बेतलेला आहे, १०० पैकी ६० किंवा अधिक गुण म्हणजे जोखीम जास्त. टोचायची गरज नाही, पट्टी आणि कागद पुरतो. मग जोखीम जास्त असलेल्यांना वस्तीजवळ ठरलेल्या सकाळी उपाशीपोटी बोलवायचं, बोटातली साखर बघायची, जास्त असेल तर तिथेच शिरेतलं रक्त घ्यायचं.

गळती इथेही आहेच, आणि तीही पायरी पायरीने मांडायला हवी. ८० टक्के लोक घरी भेटले, म्हणजे लपलेल्या ७८ पैकी ६२ पर्यंत पोहोचलो. प्रश्नावलीने सुमारे ६५० जणांना जास्त जोखमीचे ठरवलं, त्यांत खरे रुग्ण ५०. त्यांतले ७० टक्के सकाळी आले: ४५५ जण, खरे रुग्ण ३५. बोटातल्या उपाशीपोटी साखरेने २८ पकडले, शिरेतल्या रक्ताने २६ पक्के झाले. खर्च: मानधन आणि प्रशिक्षण १,१०,०००, देखरेख आणि नोंदी ६०,०००, सकाळच्या तपासण्या १,२०,०००, पक्क्या तपासण्या आणि पाठपुरावा ५०,०००. बेरीज ३,४०,०००.

आता तिन्ही शेजारी ठेवू.

| पर्याय | खर्च (रुपये) | नवे खात्रीचे रुग्ण | सरासरी, एका रुग्णामागे | आधीच्या ओळीपेक्षा वाढीव, एका जास्तीच्या रुग्णामागे |
|---|---|---|---|---|
| शिबिर, चिठ्ठी देऊन | १,५०,००० | ७ | २१,४०० | – |
| शिबिर आणि दुसरी सकाळ | १,७५,००० | १५ | ११,७०० | ३,१०० |
| घरोघरी | ३,४०,००० | २६ | १३,१०० | १५,००० |

निर्णयासाठी शेवटचा रकाना वाचायचा असतो. तो काढायची रीत साधी: दोन पर्यायांच्या खर्चातला फरक भागिले रुग्णांच्या संख्येतला फरक. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला २५,००० जास्त लागले आणि ८ रुग्ण जास्त मिळाले, म्हणजे प्रत्येकी ३,१२५. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जायला १,६५,००० जास्त आणि रुग्ण ११ जास्त, म्हणजे प्रत्येकी १५,०००.

पहिला पर्याय, म्हणजे तुम्ही आज करताय तो, इथेच बाद होतो. त्याच्यावर एका रुग्णामागे २१,४०० घालायची तयारी असेल, तर पुढचे आठ रुग्ण ३,१०० ला मिळत असताना तिथे थांबायचं कारणच उरत नाही. खरी निवड दुसऱ्या आणि तिसऱ्यात आहे. आणि तिथे सरासरी फसवते: ११,७०० आणि १३,१०० यांत फारसं अंतर दिसत नाही, ‘थोडंसंच महाग आहे, घरोघरीच करू’ असं वाटतं. पण जे जास्तीचे ११ रुग्ण तुम्ही विकत घेताय त्यांची किंमत १५,००० आहे.

सरासरी आणि वाढीव खर्चातला हा फरक किती टोकाला जाऊ शकतो याचं गाजलेलं उदाहरण १९७५ सालचं आहे. आतड्याच्या कर्करोगासाठी शौचातलं लपलेलं रक्त तपासायची चाचणी एकापाठोपाठ सहा वेळा करावी, अशी शिफारस तेव्हा होती. डंकन न्यूहाउझर आणि ॲन लेविकी यांनी हिशोब मांडला. सहा चाचण्यांची सरासरी धरली तर एका रुग्णामागे २,४५१ डॉलर, ऐकायला बरं. पण फक्त सहाव्या चाचणीने जो एक जास्तीचा रुग्ण सापडतो त्याची किंमत ४ कोटी ७० लाख डॉलरच्या वर जात होती, कारण पहिल्या पाचांनी जवळपास सगळे आधीच शोधून काढले होते. त्यांच्या काही गृहीतकांवर पुढे आक्षेप घेतले गेले, ते योग्यही आहेत. भागाकाराचा मुद्दा मात्र त्याने बदलत नाही.

आता निवड. इथे तुमची परिस्थिती मला माहीत नाही, म्हणून दोन शक्यता मांडतो.

तुमच्या कामाच्या टापूत अशी गावं असतील जिथे अजून कुणीच गेलेलं नाही, तर तेच पैसे तिकडे न्या. घरोघरीचे ३,४०,००० आहेत. जवळपास तेवढ्यातच, ३,५०,००० मध्ये, दुसऱ्या सकाळचं शिबिर दोन गावांत होतं आणि ३० रुग्ण सापडतात, घरोघरीत एका गावात २६. नुसत्या आकड्यांवर बघायचं तर शिबिर पुढच्या गावाला न्यावं. पण या ३० मध्ये मंडपात न येणारे पुरुष जवळपास नसतीलच. संस्थेचा हेतू नेमके तेच लोक गाठायचा असेल तर चार रुग्ण कमी मिळूनही घरोघरी जाणं समर्थनीय आहे. फक्त ‘आम्ही हे जाणूनबुजून निवडलं’ असं अहवालात लिहा, आणि वय, लिंग, वस्तीनुसार रुग्ण वेगळे दाखवा.

दुसरी शक्यता, तुम्ही एकाच गावाशी बांधलेले आहात आणि दरवर्षी तिथेच शिबिर घेता. मग पहिल्या वर्षीचं गणित दुसऱ्या वर्षी लागू पडत नाही. पुढच्या वर्षी मंडपात बहुतेक तेच चेहरे येतील. त्यांच्यात लपलेले २८ होते, १५ सापडले, १३ उरले. वर्षभरात नवे होणारे रुग्ण एक टक्का धरले तर या गटात ५ आले, म्हणजे १८. त्याच गळतीने दुसऱ्या वर्षी साधारण १० रुग्ण सापडतील आणि खर्च तोच १,७५,०००. एका रुग्णामागे १७,५००. त्याच वेळी सबंध गावात मात्र आधीचे ६३ आणि नवे १४ असे ७७ लपलेले आहेतच, त्यामुळे घरोघरीची मोहीम पुन्हा २६ च्या आसपास रुग्ण देईल, १३,१०० ला एक. म्हणजे एकाच गावात पहिल्या वर्षी शिबिर आणि दुसऱ्या वर्षी घरोघरी, हा क्रम दोन्ही वर्षी शिबिर घेण्यापेक्षा फायद्याचा पडतो. वर्षानुवर्षं त्याच मंडपात त्याच लोकांना टोचत राहणं हा सगळ्यात महागडा पर्याय आहे, आणि वार्षिक अहवालात तो दिसत नाही, कारण तिथे दरवर्षी ‘६०० लाभार्थी’ असं लिहिलेलं असतं.

हे आकडे किती भरवशाचे? सात हा फार लहान आकडा आहे. निव्वळ योगायोगाच्या चढउताराने तसंच शिबिर ३ रुग्ण देऊ शकतं किंवा १४ ही. ९५ टक्के विश्वासाची कक्षा धरली तर २१,४०० हा आकडा साधारण १०,००० ते ५३,००० च्या दरम्यान कुठेही असू शकतो. दुसऱ्या पर्यायाच्या १५ ची कक्षा ८ ते २५. या दोन कक्षा एकमेकींत शिरतात, मग पहिला पर्याय बाद झाला असं कशाच्या जोरावर म्हणायचं? पुढच्या तपासणीला आलेल्यांच्या प्रमाणाच्या जोरावर. ८० पैकी २८ आणि ८० पैकी ६० हा फरक योगायोगाने पडत नाही, आणि दोन्ही शिबिरांत चाळणीपर्यंतचं सगळं सारखंच आहे. म्हणून एका शिबिरातल्या रुग्णसंख्येवर वाद घालू नका, पायऱ्यांवरचं प्रमाण मोजा. त्यासाठी मोठी संख्या हाताशी असते आणि सुधारणाही तिथेच करता येते.

घरोघरीच्या पर्यायात असाच नाजूक सांधा म्हणजे सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांचं ७० टक्के हे प्रमाण. ते ५० वर घसरलं, पेरणी-कापणीच्या दिवसांत ते सहज घसरतं, तर रुग्ण २६ वरून १९ वर येतात. तपासण्या कमी झाल्याने खर्चही थोडा उतरेल, समजा ३,२०,०००. आता दुसऱ्या पर्यायापेक्षा १,४५,००० जास्त आणि रुग्ण फक्त ४ जास्त, म्हणजे जास्तीच्या एकाला ३६,०००. म्हणून मोहीम ठरवण्याआधी एकाच वस्तीत दोन सकाळी करून बघा आणि किती टक्के येतात ते मोजा. हा एक आकडा कळल्याशिवाय ३,४०,००० मंजूर करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक आकडा तुमच्याकडे कधीच आपोआप येणार नाही: यंत्राने ‘ठीक’ दाखवलेल्यांत किती रुग्ण सुटले. मी वर आठ धरलेत. तो काढायचा तर चाळणीत ठीक निघालेल्यांमधून चिठ्ठ्या टाकून ५०–६० जण निवडा आणि त्यांचंही शिरेतलं रक्त तपासा. एवढ्या लहान नमुन्यातून नेमका आकडा मिळत नाही, पण यंत्राच्या पट्ट्या उन्हात राहून खराब झाल्यात किंवा मर्यादाच चुकीची लावलीय, अशी मोठी गडबड असेल तर ती इथे उघडी पडते.

आणि या हिशोबाची एक मर्यादा देणगीदारांना आधीच सांगून ठेवा. ‘सापडलेल्या रुग्णामागचा खर्च’ मधुमेहाच्या दोन पद्धतींची तुलना करायला चालतो. मधुमेहाचं शिबिर बरं की मोतीबिंदूचं, हे त्यावरून ठरत नाही, कारण मधुमेहाचा एक रुग्ण आणि मोतीबिंदूचा एक रुग्ण सापडल्याने होणारा फायदा सारखा नसतो. शिवाय सापडलेला रुग्ण औषधावर टिकलाच नाही तर शोधण्याचा खर्च बुडीत गेला. म्हणून तक्त्यात आणखी एक रकाना ठेवा: सहा महिन्यांनी उपचार चालू असलेले किती. १५ पैकी ६ च टिकले तर दुसऱ्या पर्यायाचा आकडा ११,७०० वरून २९,२०० वर जातो. मग पुढचे २५,००० आणखी रुग्ण शोधायला घालायचे की या नऊ जणांना परत आणायला, हा तुमचा पुढचा हिशोब असेल, आणि तोही याच रीतीने मांडता येतो.